पचणे, जिरणे, अंगी लागणे: जेवणानंतरच्या उष्णतेला शब्द कोणता?

भाषांतरकार, परभणी
एका आहारविषयक पुस्तिकेचे मराठीकरण करताना ‘थर्मिक इफेक्ट ऑफ फूड’ या संज्ञेपाशी मी थांबलो आहे. जेवणानंतर काही तास शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, असा तिचा अर्थ आहे. मी ‘पचनोष्मा’ असा शब्द योजला असून, ‘प्रथिने पचवण्यास स्निग्ध व पिष्टमय पदार्थांपेक्षा अधिक ऊर्जा लागते’ असे वाक्य लिहिले आहे. हे योग्य ठरेल काय?

व्यायाम प्रशिक्षक, लातूर
शब्द अगदी योग्य आहे. प्रथिनांतील सुमारे २० ते ३० टक्के, पिष्टमय पदार्थांतील ५ ते १० टक्के आणि स्निग्ध पदार्थांतील फार तर ३ टक्के ऊर्जा अशी खर्ची पडते. मटण पोटात बराच वेळ राहते आणि जठराला जास्त राबावे लागते, हेच त्याचे कारण आहे.

निवृत्त प्राध्यापक (जीवरसायन), छत्रपती संभाजीनगर
आकडे बरोबर आहेत, परंतु कारण तसे नाही. जठरात सर्वांत जास्त रेंगाळतात ते स्निग्ध पदार्थ, आणि उष्णता सर्वांत कमी त्यांचीच असते. शिवाय प्रथिने ज्यांची बनतात ती अमिनो आम्ले आतड्यात न सोडता थेट शिरेतून दिली, तरी उष्णता वाढतेच. म्हणजे प्रथिनांचा मोठा खर्च पोटात होत नसून, अन्न जिरल्यानंतर पेशींत, विशेषतः यकृतात होतो. म्हणून मला ‘पचन’ हा शब्दच खटकतो.

आपल्या भाषेत या पायऱ्यांना वेगवेगळी क्रियापदे आहेत. अन्न पचते, मग काळ्या रानात पाणी जिरावे तसे ते रक्तात जिरते, आणि शेवटी अंगी लागते. प्रथिनांच्या बाबतीत महाग पडते ती ही शेवटची पायरी. तेलातली चरबी शरीराला जवळजवळ आहे त्याच रूपात साठवता येते, आणि ग्लुकोजही थोड्या खर्चात ग्लायकोजेन होऊन बसते. प्रथिनांना मात्र असे कोठार नाही. एक तर अमिनो आम्ले एकेक करून जोडत नवी प्रथिने बांधावी लागतात, आणि त्या प्रत्येक जोडाला एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, खर्चावे लागते. नाही तर त्यांतला नायट्रोजन काढून त्याचा युरिया करावा लागतो आणि उरलेल्या सांगाड्याचे बहुधा ग्लुकोज बनवावे लागते. या दोन्ही कामांनाही एटीपीच लागते.

गृहिणी, धाराशिव
सर, आमच्याकडे हुलगे उष्ण मानतात आणि उन्हाळ्यात त्यांचे माडगे करणे टाळतात. मलाही ते प्यायल्यावर घाम येतो. हुलग्यात प्रथिने भरपूर असतात, तेव्हा ही तीच उष्णता म्हणायची का?

निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर
ताई, तसे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून हिशेबच मांडतो. भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी असे ६०० किलोकॅलरींचे जेवण घेऊ. त्यात प्रथिनांच्या ७५, पिष्टाच्या ४०५ आणि तेलाच्या १२० किलोकॅलरी आहेत असे धरू. प्रथिनांचा खर्च १५ ते २२, पिष्टाचा २० ते ४० आणि तेलाचा फार तर ४, म्हणजे एकूण साधारण ३५ ते ६६ किलोकॅलरी होतो. हा खर्च पाच-सहा तासांत पसरतो, म्हणजे तासाला जेमतेम दहाच्या आसपास येतो. नुसते बसून राहणारे शरीरही तासाला साठ-सत्तर किलोकॅलरी खर्च करतच असते. एवढ्याने घाम फुटत नाही. तुमचा घाम माडग्याच्या वाफेचा आणि तिखटाचा असावा. ‘हुलगे उष्ण’ हा आपला जुना गुणवाचक प्रयोग आहे. त्याची या मोजमापाशी गाठ घालू नये.

व्यायाम प्रशिक्षक, लातूर
मग प्रथिने वाढवून वजन उतरते, हे तरी खरे की नाही?

निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर
याच जेवणात ७५ किलोकॅलरींची भाकरी कमी करून तेवढीच प्रथिने वाढवली, तर जास्तीचा खर्च दहा-पंधरा किलोकॅलरी होईल. चहाचा एक चमचा तेल वरून घेतले, तर ४५ किलोकॅलरी परत आल्या. प्रथिनांनी पोट भरलेले वाटते आणि माणूस कमी जेवतो, हा फायदा वेगळा आहे व बहुधा अधिक मोठाही. तो या संज्ञेत मिसळू नये.

आहारतज्ज्ञ, जालना
मोजणीचीही एक अडचण नोंदवते. उपाशीपोटी आणि जेवणानंतर, श्वासातील प्राणवायू व कर्बवायू मोजून हा आकडा काढतात. प्रथिनयुक्त जेवणाचा परिणाम लांबत असल्याने तीन तासांतच मोजणी थांबवली, तर तो कमी भरतो. शब्दाबाबत म्हणाल तर, जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स रूबनर यांच्या जुन्या संज्ञेतही पचनाचा उल्लेख नाही. ते ‘विशिष्ट गतिक क्रिया’ म्हणत. मला ‘आहारजन्य उष्णता’ हा शब्द पटतो, कारण तो उष्णता कुठे निर्माण होते याविषयी काही गृहीत धरत नाही.

भाषांतरकार, परभणी
पचनोष्मा मागे घेतो. वाक्य आता असे केले आहे: ‘प्रथिने अंगी लागण्यास अधिक ऊर्जा लागते.’

निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर
ज्या प्रथिनांचा शेवटी युरिया होतो, ती अंगी लागली असे कसे म्हणावे? त्यांचाही खर्च यात धरलेला आहे. ‘जिरवण्यास’ म्हणून पाहा, पण तेही मला पूर्ण समाधानकारक वाटत नाही.