मदत हवी आहे: पगारातून पीएफ कापतात, पण भरत नाहीत. एचआर उत्तरच देत नाही

चाकण_शिफ्ट: तीन वेळा विचारलं, "होईल, होईल" एवढंच ऐकतोय. पासबुकात काहीच दिसत नाही. आता कुठे तक्रार करू? लवकर सांगा, डोकं फिरलंय.

आकडेमोड: किती महिने? सॅलरी स्लिपवर कपात दिसते का? अजून तिथेच कामाला आहात की सोडलं? आणि विचारलं ते तोंडी की लेखी?

चाकण_शिफ्ट: तिथेच आहे. स्लिपवर दरमहा १,८०० कपात. एप्रिल ते नोव्हेंबर, आठ महिने. विचारलं तोंडीच.

नागपुरी: सरळ कामगार आयुक्तांकडे अर्ज टाका, दोन दिवसांत मालक वठणीवर येतो.

आकडेमोड: थकीत पगारासाठी ते बरोबर आहे. पीएफ मात्र केंद्राच्या भविष्य निधी संघटनेकडे, म्हणजे ईपीएफओकडे असतो. कामगार आयुक्तांकडचा अर्ज तुम्हाला तिकडेच पाठवणार आणि मधले दिवस वाया जाणार.

संध्या_ना: माझंही नाव आधारशी जुळत नव्हतं म्हणून पैसे अडकले होते. केवायसी दुरुस्त करून फॉर्म १९ भरा, मिळतील.

आकडेमोड: संध्याताई, तो काढण्याचा फॉर्म आहे. इथे पैसे खात्यात आलेच नाहीत, तर काढणार काय?

चाकण_शिफ्ट, तक्रारीआधी एक गोष्ट पाहा. ईपीएफओच्या संकेतस्थळावर Establishment Search मध्ये कंपनीचं नाव टाका आणि View Payment Details उघडा. तिथे कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती कर्मचाऱ्यांसाठी आणि कोणत्या तारखेला जमा झाले ते दिसतं. महिना संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा व्हायला हवा. भरणाच नसेल तर सगळ्यांचेच पैसे अडकलेत. भरणा आहे पण माणसं कमी दिसताहेत, तर तुमचं नाव यादीतून गळलं असण्याची शक्यता आहे. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

चाकण_शिफ्ट: पाहिलं. कंपनीचा भरणा नोव्हेंबरपर्यंत व्यवस्थित आहे. मग माझंच का नाही?

आकडेमोड: स्लिपवर वर कोणाचं नाव छापलंय?

चाकण_शिफ्ट: ठेकेदाराचं. आम्ही सगळे त्याच्याचकडून आहोत. हे सांगायचं राहिलं का?

आकडेमोड: हीच तर मुख्य गोष्ट! तुमचा पीएफ ठेकेदाराच्या पीएफ कोडखाली शोधा. आणि ठेकेदाराने भरला नाही तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते. म्हणून पत्र दोघांना लिहा.

चाकण_शिफ्ट: ठेकेदाराचा शेवटचा भरणा मार्चचा आहे. पुढे कोरं.

आकडेमोड: मग आजच ईमेल पाठवा आणि तेच पत्र पोचपावती घेऊन स्पीड पोस्टने. मजकूर लांब नको: "एप्रिल ते नोव्हेंबर माझ्या वेतनातून दरमहा १,८०० रुपये, एकूण १४,४०० रुपये पीएफ कापला. पासबुकात नोंद नाही. प्रत्येक महिन्याच्या भरण्याची तारीख आणि चलन क्रमांक सात दिवसांत लेखी कळवावा." मालकाचा तेवढाच हिस्सा धरला की थकबाकी २८,८०० होते, तेही लिहा. सात दिवसांनी त्याच ईमेलला उत्तर देऊन आठवण करा, नवीन ईमेल उघडू नका. म्हणजे पहिली तारीख सोबत राहते. पंधराव्या दिवशी ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, epfigms.gov.in वर तक्रार करा.

वकीलबुवा: पंधरा दिवस कशाला? कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे. पोलिसांत जा.

आकडेमोड: गुन्हा होतो, मान्य. पण ठाण्यात कागद मागतील, आणि बहुतेक वेळा आधी ईपीएफओकडे जा म्हणतील. रक्कम निश्चित करून वसूल करण्याचा अधिकार तिकडे आहे. तक्रार बहुतेकदा फसते ती "पीएफ भरत नाहीत" एवढंच लिहिल्यामुळे. मग ठेकेदार एका महिन्याचं चलन दाखवतो आणि तक्रार बंद होते. म्हणून महिन्यांची यादी लिहा, आठही स्लिपा, पासबुक आणि दोन्ही पत्रं जोडा. तरीही बंद केली तर नोंदणी क्रमांक घेऊन केंद्र सरकारच्या सीपीग्रॅम्स तक्रार पोर्टलवर जा. तिथला निकाल पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं.

वकीलबुवा: आणि तोवर नोकरी गेली तर? तक्रारीत नाव दिसतंच.

आकडेमोड: दिसतं. म्हणून शक्य असेल तर त्याच ठेकेदाराच्या चार-पाच जणांनी मिळून पीएफ आयुक्तांना सह्यांचं निवेदन द्यावं. प्रत्येकाचा पीएफचा यूएएन क्रमांक आणि महिने वेगळे लिहावेत. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथेही देता येईल. एकाच माणसावर रोख राहत नाही, एवढंच. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही.

चाकण_शिफ्ट: पाच जण तयार आहेत. सहावा म्हणतो, त्याला स्लिपच मिळत नाही, रोखीत पगार. त्याचं काय करायचं?

नागपुरी: त्याने हजेरीपत्रक आणि गेटपासचे फोटो काढून ठेवावेत.

आकडेमोड: ठेवावेत. पण त्याचं निवेदन वेगळं करा. कपात झाली हे त्याला दाखवता येत नाही, त्याचा मुद्दा नोंदणीच केली नाही हा आहे. एकाच कागदात घातलं तर तुमचा स्पष्ट हिशोबही रेंगाळेल.