जळतो म्हणजे जीव आहे?

सांजवारा: नवरा रोज रात्री माझा फोन तपासतो. सासूबाई म्हणतात, "जीव आहे म्हणून जळतो गं." हे खरंच प्रेम समजायचं का?

घाटावरचा: सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. जिच्याबद्दल काहीच वाटत नाही तिच्यावरून कोण कशाला जळेल? बायको दुसऱ्याशी हसून बोलली आणि नवऱ्याला काहीच वाटलं नाही, तर मला उलट काळजी वाटेल.

मोरपिशी: वाटण्याबद्दल तुमच्याशी भांडण नाही. पण फोन तपासणं हे वाटणं नाही, करणं आहे. हा फरक पुसला की काय होतं ते ब्राझीलनं पाहिलं. 1976 मध्ये डोका स्ट्रीट नावाच्या माणसानं अँजेला दिनिझला गोळ्या घालून मारलं, तिला संबंध तोडायचा होता म्हणून. वकिलानं मानाच्या रक्षणाचा मुद्दा मांडला आणि 1979 च्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. बायका रस्त्यावर उतरल्या, "जो प्रेम करतो तो मारत नाही" म्हणत. 1981 च्या फेरखटल्यात पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तरी 'मानाचं रक्षण' हा बचाव तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पूर्णपणे बाद केला तो 2023 मध्ये.

जिथं पुरुषाची अब्रू बायकोच्या वागण्यावर टांगलेली असते, तिथं पहारा न देणारा नवरा नेभळट ठरतो. मग पहाऱ्यालाच माया म्हणायची सवय लागते, बायकांनासुद्धा. आणि ज्या घरात प्रेम तोंडानं कधी बोललंच जात नाही, तिथं जळणं ही एकच खूण डोळ्यांना दिसते.

रानपाखरू: हे सगळं आपल्याकडचं आणि तिकडचं. युरोप-अमेरिकेत असलं काही नसतं.

मोरपिशी: मत्सरातून होणारी मारहाण तिथंही आहे. तिला प्रेमाची पावती किती सहज मिळते, यात फरक पडतो.

घाटावरचा: खुनाचं उदाहरण टोकाचं झालं. फोन बघणारा प्रत्येक जण खुनी नसतो.

मोरपिशी: नसतो, मान्य. म्हणून मी वेगळंच बघते. तपासून त्याचं समाधान किती टिकतं? आणि ती "नाही" म्हणाली तर काय होतं?

कोकणकडा: माझंच सांगतो. बायकोच्या ऑफिसातल्या एका मित्रावरून माझा जीव जळायचा. फोन पाहिला, काही सापडलं नाही. दोन दिवस बरं वाटलं, मग पगाराच्या खात्याचे व्यवहार बघावेसे वाटले, मग ती घरी कधी पोचते ते. एका रात्री तिला सरळ म्हणालो, मला भीती वाटते तू सोडून जाशील. फोन मागण्यापेक्षा हे बोलणं कितीतरी कठीण गेलं. जळणं अजून गेलेलं नाही. फोन मात्र तिचा तिच्याकडे असतो.

सांजवारा: मी एकदा "नाही" म्हणाले होते. तो चार दिवस जेवला नाही, आणि सासूबाईंनी मलाच दोष दिला.

घाटावरचा: हे आधी सांगितलं असतं तर मी तसं लिहिलं नसतं. जळण्यात प्रेम असतं, हे मात्र मी अजूनही मानतो.