स्मृतिव्याख्यानात वक्त्यांची ओळख: सर किती, वक्त्या किती?

मधुरा_सुदामानगर
आमच्या मराठी शाळेतले गणिताचे सर चौदा महिन्यांपूर्वी गेले. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी इंदुरात त्यांच्या नावाने पहिलं व्याख्यान ठेवलं आहे. वक्त्या भोपाळच्या आहेत, सरांना कधीच भेटलेल्या नाहीत. विषय आहे ‘सिद्धता म्हणजे काय’. त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिल्या रांगेत काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, असणार. मी अशी सुरुवात लिहिली आहे: ‘आजचा दिवस आपणा सर्वांसाठी अत्यंत दुःखाचा आहे. सर आज आपल्यात नाहीत यावर विश्वास बसत नाही. असा शिक्षक पुन्हा होणे नाही.’ पुढे वक्त्यांच्या पदव्या. हे चालेल का? सरांवर किती बोलू? आणि लोक हसतील असं काही सांगावं का?

तुकोगंज_जुना
मधुराताई, अगदी थोडक्यात आटपा. अब्राहम लिंकन गेटिसबर्गच्या दफनभूमीवर १८६३ साली बोलले ते सारं मिळून पावणेतीनशेच्या आत शब्द. दोन-तीन मिनिटांत खाली बसले आणि जग आजही ते भाषण काढून वाचतं. गंभीर प्रसंगाला तेवढंच शोभतं. सरांबद्दल दोन वाक्यं, वक्त्यांबद्दल दोन, झालं. हसवणं तर अजिबात नको. प्रतिमेला हार घातलेला असतो आणि त्याच्या शेजारी उभं राहून विनोद करायचा, हे मला पटत नाही.

रामबागकर
थोडक्यात बोलावं हे खरं, पण काका, लिंकनचा दाखला इथे पुरता बसत नाही. त्या दिवशी मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट होते, ते सुमारे दोन तास बोलले आणि लिंकन त्यांच्यानंतर उठले. लोकांच्या मनात प्रसंग आधीच तयार झालेला होता. मधुराला व्याख्यानाच्या आधी बोलायचं आहे. सभागृह नुकतंच बसलेलं असेल, मागे कोणी खुर्ची शोधत असेल. तिला तो प्रसंग स्वतः उभा करायचा आहे आणि चार वाक्यांत ते होत नाही.

गेली वीसेक वर्षं मी इथल्या व्याख्यानांची व्यवस्था पाहतो, त्यावरून सांगतो. मधुरा, तुझी सुरुवात शोकसभेची आहे. शोकसभा माणूस गेल्यावर आठ-दहा दिवसांत होते, तेव्हा ‘विश्वास बसत नाही’ हे खरंच असतं. चौदा महिन्यांनी विश्वास बसलेला असतो. सगळ्यात आधी तो काकूंचा बसलेला असतो, कारण त्यांनी हे चौदा महिने काढलेत. माईकवरून तेच पुन्हा ऐकवलं की समोरची माणसं माना खाली घालतात. बोलणाऱ्याला वाटतं, लोक हेलावले. खरं तर ती अवघडलेली असतात.

दुसरी अडचण ‘असा शिक्षक पुन्हा होणे नाही’ या वाक्याची. ही अडचण फार जुनी आहे. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्समध्ये युद्धात पडलेल्यांसाठी तिथला नेता पेरिक्लीस बोलला, ते भाषण इतिहासकार थुसिडिडीसने लिहून ठेवलं आहे. त्याच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की जो ऐकणारा मृतांना ओळखत होता त्याला वाटेल, कमीच सांगितलं. आणि जो ओळखत नव्हता त्याला वाटेल, वाढवून सांगितलं. तुझ्या सभागृहातही हेच दोन गट असणार. पुढे सरांचे विद्यार्थी, मागे विषयासाठी आलेले कॉलेजचे मुलगे-मुली. ‘थोर’, ‘ऋषितुल्य’, ‘हाडाचे शिक्षक’ या शब्दांनी पुढच्यांचं पोट भरत नाही आणि मागच्यांना ते खरे वाटत नाहीत. दोघांना एकच गोष्ट चालते: सर वर्गात करायचे ती एखादी कृती, जशी घडली तशी. ओळखणाऱ्याला ती लगेच आठवते, न ओळखणाऱ्याला ती दिसते. तुझ्याकडे अशी एखादी आहे का?

प्रकाश_स्मरणिका
मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या स्मरणिकेची प्रस्तावना मीच लिहिली होती. ताई, प्रस्तावनेत आधी जन्मगाव, शिक्षण, नोकरीचा काळ असा क्रम ठेवा, नंतर ऋणनिर्देश. दोन पानं पुरतात. फोटो डावीकडे घ्या.

मधुरा_सुदामानगर
प्रकाशदादा, स्मरणिका नाही, मला मंचावरून बोलायचं आहे. पण जन्मगाव-शिक्षण हे मीसुद्धा खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं, ते आता काढते.

बडोदेकर_निशा
मी बडोद्याची. माझे वडील संस्कृत शिकवायचे. त्यांच्या पहिल्या स्मृतिव्याख्यानात ओळख करून देणारे गृहस्थ बावीस मिनिटं बोलले. त्यातली निम्मी वेळ ते स्वतः बाबांना पहिल्यांदा कुठे भेटले यात गेली, आणि उरलेल्यात त्यांनी वक्त्यांचा अख्खा विषयच सांगून टाकला. वक्ते उठले तेव्हा त्यांच्या हातातली पहिली दोन पानं त्यांनी मुकाट्याने मागे सरकवली. ते मी पाहिलं. आई घरी येऊन एवढंच म्हणाली, ‘यांच्याबद्दल फार बोलले, पण हे कुठे दिसले नाहीत.’ मधुरा, वक्त्या काय सांगणार आहेत ते तू सांगू नकोस. आणि ‘मी’ हा शब्द किती वेळा येतो ते मोज.

हसण्याबद्दल मात्र मला काकांचं पटत नाही. बाबा वर्गात हसवायचे. त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात कोणीच हसलं नाही, तर आम्हाला तो दुसऱ्याच कुणाचा कार्यक्रम वाटला.

मधुरा_सुदामानगर
रामबागकर काका, आठवण आहे. दुसरा मसुदा टाकते:

‘सरांच्या वर्गात उत्तर बरोबर आलं तरी सुटका नसे. सर खडू खाली ठेवत आणि विचारत, कशावरून?

नववीत मी फळ्यावर लिहिलं, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश. सर म्हणाले, कशावरून? मी म्हटलं, मोजून पाहिली. सर म्हणाले, हा एक मोजलास, बाकीच्या त्रिकोणांचं काय? मी गप्प उभी. मग त्यांनी वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर एक रेघ काढली, खडू माझ्या हातात दिला आणि बाजूला झाले. सर खरोखरच एक महान शिक्षक होते.

आजच्या आपल्या वक्त्या भोपाळला गणित शिकवतात. मुलं सिद्धतेपाशी नेमकी कुठे अडतात, याचा त्यांनी अनेक वर्षं अभ्यास केला आहे. सरांची आणि त्यांची भेट झाली नाही. पण मोजून पाहिलं आणि सिद्ध केलं यांत फरक काय, हा सरांचा रोजचा प्रश्न आज त्यांचा विषय आहे. मी विनंती करते…’ आणि मग त्यांचं नाव.

घड्याळ लावून वाचलं. मिनिटभरात संपतं. कमी पडेल का?

रामबागकर
कमी पडत नाही. घरी खुर्चीत बसून वाचताना वेग जास्त असतो. मंचावर सावकाश बोलावं लागतं, मिनिटाला शंभरएक शब्द धर, म्हणजे थांबे धरून हे दीड मिनिटाच्या आसपास जाईल. अडीचच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

एकच वाक्य काढ: ‘सर खरोखरच एक महान शिक्षक होते.’ सर खडू देऊन बाजूला झाले, इथे ऐकणाऱ्याने ते मनात म्हणून टाकलेलं असतं. तू ते मोठ्याने म्हटलंस की त्याच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होतं. त्या जागी दोन श्वास थांब.

भेट झाली नाही हे तू सरळ सांगितलंस, ते तसंच राहू दे. ओळख करून देणारे बहुतेक इथेच घसरतात. वक्त्याचा आणि गेलेल्या माणसाचा संबंध ओढूनताणून जोडतात, मग वक्त्यालाही उठल्यावर खोटं हळहळावं लागतं. तुझ्याकडे दोघांना जोडणारा खरा प्रश्न आहे. ‘कशावरून’ याने तू सुरू करतेस आणि फरक काय, याने वक्त्यांच्या हाती देतेस.

नाव शेवटी ठेवलंस, बरोबर. नाव घेतलं की टाळ्या सुरू होतात, त्यामुळे त्याच्यानंतर एक शब्दही नको. उच्चार त्यांनाच फोन करून विचार आणि मोठ्या अक्षरात वेगळ्या चिठ्ठीवर लिही. ऐन वेळी गळा दाटला तर माणूस नेमका नावावर अडखळतो.

आणि संचालन करणाऱ्यांना विचार, दोन मिनिटं स्तब्धता आहे का. असली तर ती दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजनाच्या लगेच नंतर घ्या, म्हणजे टाळ्यांच्या पाठोपाठ ती येणार नाही. स्तब्धतेनंतरचा पहिला आवाज तुझा असेल तर ‘नमस्कार मंडळी!’ असं खणखणीत सुरू करू नकोस. लोक बसेपर्यंत थांब आणि थेट ‘सरांच्या वर्गात…’ म्हण, हळू आवाजात.

तुकोगंज_जुना
लिंकनचं माझं चुकलं, मान्य. मसुदा चांगला आहे. पण ‘मोजून पाहिली’ म्हटल्यावर लोक हसणारच, आणि स्तब्धतेनंतर मिनिटभरात हशा! काकू समोर बसलेल्या असताना? पहिल्या वर्षी तरी नको. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खुशाल सांगा.

बडोदेकर_निशा
काका, हसू मधुरावर आहे, सरांवर नाही. आणि लगेच पुढे खडू हातात येतो, तिथे ते आपोआप थांबतं.

रामबागकर
मी निशाताईंच्या बाजूचा, पण काकांची काळजी खोटी नाही. हे सभागृहावर अवलंबून असतं आणि आधी सांगता येत नाही. मधुरा, एक कर. कार्यक्रमाआधी एकदा काकूंकडे जा आणि तो प्रसंग त्यांना सांग. बाकीचं भाषण वाचून दाखवू नकोस, फक्त प्रसंग.

अन्नपूर्णा_रोड
सगळं मराठीतच का पण? वक्त्या हिंदीत बोलणार असतील, मागे बसलेली मुलंही हिंदीच. आपल्या इंदुरात असं अर्धं सभागृह नेहमीच असतं. ओळख हिंदीत करा, म्हणजे वक्त्यांनाही कळेल आपल्याबद्दल काय बोललं जातंय.

मधुरा_सुदामानगर
वक्त्या हिंदीतच बोलणार आहेत. पण सर ‘कशावरून?’ असंच विचारायचे. ‘कैसे पता?’ म्हटलं की ते सर राहत नाहीत. वर्गातला प्रसंग मराठीत आणि वक्त्यांचा भाग हिंदीत, असं केलं तर?

रामबागकर
चालेल. पण भाषा बदलायची ती खडू हातात आल्यानंतरच्या थांब्यावर, वाक्याच्या मध्ये नाही.

अन्नपूर्णा_रोड
मग प्रसंग मागच्या मुलांना अर्धवटच कळणार. मला अजून पटलेलं नाही.

मधुरा_सुदामानगर
आज संध्याकाळी काकूंकडे जाऊन आले. प्रसंग सांगितला. त्या हसल्या, मग आत गेल्या आणि सरांची लाकडी कंपासपेटी घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘घरी भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी विचारायचे, कशावरून?’ आता मला कळत नाही, हे वाक्यही घ्यावं, की ते त्यांच्या घरातच राहू द्यावं. निशाताई, तुम्ही काय कराल?

बडोदेकर_निशा
राहू दे. ते त्यांचं आहे. त्यांना वाटलं तर नंतर त्याच कुणाला तरी सांगतील.

तुकोगंज_जुना
माझं मत उलट आहे, हेच घ्या आणि फळ्याचा प्रसंग सोडा. काकूंना विचारून, अर्थात.