मदत हवी आहे: कुशीतली कळ जांघेत उतरते, लचक की मुतखडा?

रानवारा: वय 38. शनिवारी भरलेला सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवला. रविवारी पहाटे चारला उजव्या कुशीत कळ उठली. वीसेक मिनिटं वाढत जाते, ओसरते, मग पुन्हा येते. कालपासून ती पुढे वळून जांघेत, पार अंडकोषापर्यंत उतरते. दोनदा उलटी झाली. ताप नाही. आज सोनोग्राफीत खडा दिसला नाही. मग लचकच समजू का? फार घाबरलोय.

शिवारातला: लचकच आहे. मलाही पोतं उचलून असंच झालं होतं. शेक घ्या, बाम चोळा. लघवी लाल नाही ना? मग खडा नाही.

माईची लेक: आमच्या सासूबाईंचा खडा पित्ताशयात होता, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. तुम्ही कुळथाचं कढण सुरू करा आणि दिवसभर भरपूर पाणी प्या.

रात्रपाळी: मी बारा वर्षं कॅज्युअल्टीत नर्स आहे. रानवारा, कळ आली की तुम्ही काय करता?

रानवारा: येरझाऱ्या घालतो. पलंगाची कड धरून वाकतो, पुन्हा उठतो. कशानेच बरं वाटत नाही.

रात्रपाळी: मला हेच हवं होतं. लचकलेला माणूस हलायला घाबरतो. एका कुशीवर निपचित पडला की त्याला आराम पडतो, वळताना चमक येते आणि दुखरी जागा बोटाने दाखवता येते. खड्याचा पेशंट स्ट्रेचरवर टिकत नाही. खडा मूत्रनलिकेत अडकतो, मागे लघवी तुंबते, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून कळ लाटेसारखी येते. खडा खाली सरकला की ती जांघेत उतरते.

शिवारातला, लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसली तरी तपासणीत रक्तपेशी सापडतात, आणि काहींना त्याही सापडत नाहीत. सोनोग्राफीत नलिकेच्या मधल्या भागातला खडा सहज निसटतो. लघवी तपासा आणि डॉक्टरांना साध्या सीटी स्कॅनबद्दल विचारा. माई, कळ चालू असताना तांब्याभर पाणी रिचवून खडा ढकलला जात नाही, उलट्या मात्र वाढतात.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा अंडकोषच सुजला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

रानवारा: सीटी झाला. मूत्राशयाच्या तोंडाशी 4 मिमीचा खडा आहे. डॉक्टर म्हणाले, एवढा बहुधा आपोआप पडेल, लघवी गाळून बघा. इंजेक्शनने कळ थांबलीय. पण कंबरेत दाबल्यावर अजून दुखतं.

शिवारातला: म्हणजे लचकही आहेच की!

रात्रपाळी: असू शकते, सिलिंडर उचललाच होता. पण कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरू नका. तो तिथेच असून मूत्रपिंड मुकाट्याने फुगू शकतं. पुन्हा कधी बोलावलंय?

रानवारा: दोन आठवड्यांनी. चहाच्या गाळणीत अजून काही सापडलं नाही.