प्रतिसाद: साक्षीदार न होता सांगायचं असेल तर

> "टीममधल्या एकीला मुद्दाम वगळतात हे मी बघतोय. एचआरला सांगायचंय, पण साक्षीदार म्हणून नाव नकोय."

आधी तिच्याशी एकांतात बोला. तिला न विचारता विषय वर गेला तर चौकशीचा ताण तिच्यावरच येतो.

ती हो म्हणाली, तर मत कळवू नका, एचआरला स्वतः तपासता येईल अशी खूण द्या. "तिला त्रास देतात" असं लिहिलंत की पहिला प्रश्न येणार, कोणी पाहिलं? त्याऐवजी असं लिहा: "दर सोमवारच्या आढावा बैठकीचं आमंत्रण तिच्या कामाशी संबंधित सगळ्यांना जातं, तिला जात नाही. गेल्या महिन्यातली आमंत्रणांची यादी पाहावी." ती यादी कॅलेंडरमध्ये असते, त्यामुळे पुरावा तुमच्या तोंडून यावा लागत नाही. जेवायला न बोलावणं किंवा ती आली की गप्पा थांबणं मात्र कुठल्याच नोंदीत सापडत नाही. तिथे साक्ष लागतेच, म्हणून सुरुवात बैठकीपासून करा.

तपशील देण्याआधी एचआरला विचारा, "माझं नाव कोणाकोणाला कळेल? ही नुसती माहिती धरणार की तक्रार?" संपूर्ण गुप्ततेचं वचन बहुतेक वेळा मिळत नाही, कारण गंभीर गोष्ट कानावर आली की त्यांना पावलं उचलावी लागतात. निनावी अर्ज करणार असाल तर तिघांतच झालेलं बोलणं त्यात घालू नका, त्यावरून तुम्ही लगेच ओळखू याल. आणि कार्यालयाच्या ईमेलवरून तर तो अजिबात पाठवू नका.