मदत हवी आहे: पासिंग नेटवर्कमध्ये सगळे खेळाडू मध्यवर्तुळात गोळा होतायत

नेरूळकर_१०: मॅचचा व्हिडिओ बघून प्रत्येक पास शीटमध्ये भरला, कोणी कोणाला दिला आणि कुठून. सरासरी जागा काढली तर दोन्ही बॅक, विंगर, स्ट्रायकर सगळे मध्यवर्तुळाजवळ! पझेशन ४०% येतंय, जे पटत नाही. उद्या कोचला द्यायचंय, लवकर सांगा.

टचलाइन: दोन्ही हाफ एकत्र घेतलेत का? कॅमेरा कुठे होता?

खारघर_विंग: व्हिडिओच खालून घेतलेला असणार. उंच खांबावर वाइड कॅमेरा लावा, सगळे प्रश्न मिटतात.

नेरूळकर_१०: अहो, मॅच होऊन गेली! दोन्ही हाफ एकत्र आहेत, ३० + ३० मिनिटं. कॅमेरा एकाच बाजूला, स्टँडमध्ये.

टचलाइन: मग हेच. हाफटाइमला बाजू बदलल्या, तुम्ही आकडे बदलले नाहीत. पहिल्या हाफमध्ये डावीकडचा बॅक दुसऱ्यात उजवीकडे दिसतो, सरासरी मधोमध येते. मैदान १०५ × ६८ धरलं असेल तर:

```
if half == 2:
    x = 105 - x
    y = 68 - y
```

मधला_बॅक: फक्त x उलटवला तरी पुरे. हल्ल्याची दिशाच तेवढी बदलते.

टचलाइन: नाही पुरत. y तसाच ठेवलात तर लांबीत सगळे जागेवर येतील, पण डावा बॅक आणि उजवा बॅक रुंदीत एकमेकांवर चढतील. तसं दिसलं की y राहिलाय समजा. कॅमेरा हाफटाइमला समोरच्या बाजूला नेला असता तर मात्र काहीच उलटवायला नको होतं.

नेरूळकर_१०: दोन्ही उलटवले, विंगर विंगवर गेले! पण आमचा ८ नंबर अजून विचित्र जागी आहे.

टचलाइन: बदली झाली होती का? उतरलेल्याला तोच नंबर दिलात?

नेरूळकर_१०: हो, ४१व्या मिनिटाला. त्याच रकान्यात भरलं.

मधला_बॅक: मग नेटवर्क पहिल्या बदलीपर्यंतच काढायचं असतं.

टचलाइन: नेहमीची रीत तीच. पण इथे बदली दुसऱ्या हाफात आहे, त्यामुळे ४१ पर्यंतचा एक नकाशा आणि नंतरचा वेगळा काढा. नंतरचे पास कमी असतील, तिथे ३ पेक्षा कमी पासच्या रेषा लपवू नका, नाहीतर काहीच उरणार नाही. आता पझेशन कसं काढलं?

नेरूळकर_१०: आमच्याकडे बॉल २४ मिनिटं. भागिले ६०.

टचलाइन: बॉल बाहेर असतो, फ्रीकिकसाठी थांबतो, तो वेळ कोणाचाच नाही. समोरच्यांचाही वेळ मोजा.

नेरूळकर_१०: मोजला. १८ मिनिटं.

टचलाइन: म्हणजे खेळता वेळ ४२. २४ भागिले ४२, सुमारे ५७%.

मधला_बॅक: पासच्या संख्येवरून काढलं तर वेगळंच येईल. तीच पद्धत बरी, घड्याळ धरायला नको.

टचलाइन: येईल. लांब चेंडू मारणारा संघ त्यात कमी दिसतो. कोचला आकडा देताना पद्धत खाली लिहा.

खारघर_विंग: थ्रो-इन पास धरायचा का पण? मी धरत नाही.

मधला_बॅक: मी धरतो.