विषय: कव्वालीसारखं गाणं, लय चढवायची कशी?

नमस्कार मंडळी,
पाच मिनिटांचं गाणं करतोय, केरवा, सुरुवात ८० बीपीएम आणि शेवट १२८. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेम्पोची एक सरळ चढती रेघ मारली, पण ऐकताना रंग चढतच नाही, नुसती टेप कोणीतरी पळवतंय असं वाटतं. काय चुकतंय?
– नि.

> टेम्पोची रेघ मारली

अरे नि., टेम्पोला हात लावूच नकोस, ढोलकीवाल्याला दुगुन वाजवायला सांग, म्हणजे लय आपोआप वाढते. आम्ही भजनात तेच करतो.
– बापूकाका

काका, दुगुनीने बोल दुप्पट होतात, पण मात्रा जिथल्या तिथेच राहतात, त्यामुळे लय वाढली असं वाटतं, वाढत नाही. अर्थात ते वाटणंसुद्धा हवंच, आणि ते आधी वापरायचं, खरा टेम्पो नंतर.

नि., पहिली दोन मिनिटं ८० हलवूच नकोस. टाळी फक्त समेवर आणि पाचव्या मात्रेवर. पाचवीवर खाली असली तरी टाळी तिथे खुशाल पडू दे. मग टाळ्या १, ३, ५, ७ वर आण, टेम्पो तोच. ऐकणारा इथेच सावरून बसतो. त्यानंतर प्रत्येक वेळी मुखडा परत आला की एक पायरी चढ: ८६, ९२, ९८, १०६, ११६, १२८. पायरी दोन आवर्तनांत चढायची आणि पुढच्या मुखड्यापर्यंत तिथेच थांबायचं. लय कोरसने ढकलल्यासारखी वाटली पाहिजे, म्हणून मुख्य गायकाची ओळ संपायच्या आत, शेवटच्या शब्दावरच कोरसने झडप घालायची.

आणि १२८ चा मुखडा आधी गाऊन बघ. शब्द चावले जात असतील तर ओळ छोटी कर, नाहीतर ११६ वर थांब, काही बिघडत नाही.
– सु.

सुताई, आमच्या टाळ्यांचं सांगा ना, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकत्र वाजवल्या आणि पार विस्कटल्या. मग एक चांगली टाळी कॉपी करून आठ ट्रॅकवर टाकली, तर गर्दी वाटायच्या ऐवजी एकच टाळी मोठ्याने वाजतेय असं झालं!
– रे.

रे., कॉलवर प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा पोचतो, तिथे ताल जमणारच नाही. आणि तीच टाळी आठदा घेतली तर ती फक्त मोठी होते, तिची माणसं होत नाहीत. नि.कडून चढत्या टेम्पोचा क्लिक ट्रॅक घ्या, प्रत्येकाने हेडफोन लावून आपापल्या घरी पूर्ण गाणंभर टाळ्या वाजवायच्या, दोनदा: एकदा पोकळ तळव्याने, एकदा चार बोटं तळव्यावर आपटून. माइकपासून दोन पावलं लांब. पाच जणांच्या दहा टाळ्या होतात. थोड्या मागेपुढे पडल्या तर सरळ करू नका, गर्दी त्यातूनच येते. फक्त ८० वर रेकॉर्ड करून नंतर ताणू-आवळू नका, टाळीचा कडकपणा जातो.

कोरसचंही तसंच, सगळे एकाच सुरात, फक्त शेवटच्या दोन मुखड्यांना एकच आवाज वरच्या सप्तकात.
– सु.

सुताई, पायऱ्या टाकल्या, ९८ पर्यंत मस्त! पण १०६ ला ढोलकी पुढे आणि टाळ्या मागे पडतायत.
– नि.

मग आधी ढोलकी म्यूट करून नुसत्या टाळ्या क्लिकवर ऐक, त्या बरोबर असतील तर पळतोय तो ढोलकीवाला.
– सु.

माझा पुतण्या पळत नाही हो कधी.
– बापूकाका